तिमाही पडली: गुंतवणूकदारांना अपडेट कसं लिहायचं, पायरीपायरीने

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आला की मला असा एखादा फोन हमखास येतो. ‘मॅडम, तिमाही वाईट गेली. इन्व्हेस्टर अपडेट लिहिलंय, जरा नजर टाकता का?’ मी छोट्या कंपन्यांचं आर्थिक काम पाहते, त्यामुळे असे मसुदे बरेच वाचले आहेत आणि त्यातल्या चुका जवळजवळ सारख्याच असतात. सुरुवात नव्या फीचरने होते. विक्री घटली हे चौथ्या परिच्छेदात कळतं. पैसे किती महिने पुरतील तो, म्हणजे रनवेचा, आकडा चुकलेला असतो आणि शेवटी ‘पुढची तिमाही दमदार असेल’ असं वाक्य असतं, ज्याच्या मागे कोणताही आकडा नसतो.

संस्थापक खोटं बोलतात म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. हिशेब मिटायच्या आधी ते लिहायला बसतात, म्हणून होतं. त्यामुळे खालच्या क्रमात लिहिण्याची पायरी सहावी आहे. पहिल्या पाच पूर्ण केल्या तर सहावीला दोन तास पुरतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. पुण्यातली अकरा माणसांची कंपनी. भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांना मशीनच्या देखभालीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर दरमहा भाड्याने देते. जुलै ते सप्टेंबर ही तिमाही पडली. गुंतवणूकदार अकरा: एक फंड, ज्याने मोठी रक्कम घातली आहे, आणि दहा व्यक्ती.

## १. आधी करार उघडा, मग कॅलेंडर

गुंतवणूक घेताना सही केलेला शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंट बाहेर काढा. त्यात दोन कलमं शोधायची आहेत.

पहिलं माहितीच्या हक्काचं. तिमाही संपल्यावर किती दिवसांत आणि कोणते हिशेब द्यायचे, हे तिथे लिहिलेलं असतं. बऱ्याच करारांत ही मुदत तीस किंवा पंचेचाळीस दिवसांची असते, पण तुमचा करार काय म्हणतो तेच पाहा.

दुसरं कलम जास्त महत्त्वाचं आणि जास्त दुर्लक्षित आहे: कोणत्या निर्णयांना गुंतवणूकदाराची आधी संमती लागते त्यांची यादी. मंजूर बजेटपासून मोठी फारकत, संस्थापकांच्या पगारातला बदल, एखादा व्यवसाय बंद करणं, कर्ज घेणं, अशा गोष्टी तिथे असू शकतात. वाईट तिमाहीनंतर नेमके हेच निर्णय घ्यायचे असतात. ‘आम्ही अमुक बंद केलं’ असं अपडेटमध्ये लिहिलं आणि त्याला आधी संमती लागत होती, तर तुमचं प्रामाणिक पत्र हाच करारभंगाचा पुरावा होतो. अशा निर्णयांबद्दल ‘ठरवलं आहे’ न लिहिता ‘मंजुरीसाठी मांडत आहोत’ असं लिहा आणि मंजुरीची प्रक्रिया वेगळी चालवा.

आता तारखा. आमच्या उदाहरणात असं आखलं: ९ ऑक्टोबरपर्यंत हिशेब बंद, १२ पर्यंत कारणांचा शोध पूर्ण, १३ला मुख्य गुंतवणूकदाराला फोन, १५ला पत्र. जुलै-सप्टेंबरचं अपडेट दिवाळीच्या तोंडावर येतं. दिवाळीच्या आठवड्यात पाठवलेलं पत्र वाचलं जात नाही, आणि मुद्दाम तो आठवडा निवडला असा संशय येतो. आधी पाठवा. जमलंच नाही तर ‘हिशेब अमुक तारखेला देतो’ अशी दोन ओळींची मेल तरी आधी जाऊ द्या.

इशारा: वाईट तिमाहीचं पत्र नेहमीपेक्षा उशिरा गेलं की वाचणारा आकडे पाहण्याआधीच निष्कर्ष काढतो. दरवेळी १५ तारखेला पाठवत असाल तर यावेळीही १५लाच पाठवा.

## २. रोकड मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

आमच्या कंपनीच्या खात्यात ३० जूनला ९२ लाख रुपये होते, ३० सप्टेंबरला ६२ लाख. संस्थापकाने केलेला हिशेब असा: तीन महिन्यांत ३० लाख गेले, म्हणजे महिन्याला १० लाख. ६२ भागिले १०, म्हणजे सहा महिन्यांहून जास्त रनवे. त्याने पत्रात ‘रनवे सहा महिने’ लिहिलं. हा आकडा चूक आहे, आणि खरा आकडा चार महिने आहे. कसा ते पाहू.

आधी खात्यातल्या ६२ लाखांपैकी आपले किती? सप्टेंबरचा जीएसटी २० ऑक्टोबरपर्यंत भरायचा आहे, पगारातून आणि बिलांतून कापलेला टीडीएस ७ ऑक्टोबरपर्यंत, पीएफ १५पर्यंत. हे सगळं मिळून ३ लाख. हे पैसे खात्यात दिसतात, पण ते सरकारचे आणि कर्मचाऱ्यांचे आहेत. शिवाय बाहेरून काम करणाऱ्या डेव्हलपरची ५ लाखांची बिलं सप्टेंबरमध्ये थकवली होती. ६२ उणे ८, म्हणजे वापरता येण्याजोगी रोकड ५४ लाख.

आता खर्चाचा वेग, म्हणजे ग्राहकांचे पैसे आल्यावरही खात्यातून महिन्याला किती कमी होतात ते. तिमाहीत ३० लाख कमी झाले हे खरं, पण दोन गोष्टींनी तो आकडा कमी दाखवला. एक, थकवलेली ती ५ लाखांची बिलं. काम याच तिमाहीत झालं, फक्त पैसे गेले नाहीत. दोन, सप्टेंबरमध्ये एका ग्राहकाने वर्षभराचे ६ लाख आगाऊ भरले. त्यातले ५० हजार सप्टेंबरचे, उरलेले साडेपाच लाख पुढच्या अकरा महिन्यांचे. ते पैसे तुमच्याकडे आहेतच, म्हणून रोकडीतून वजा करायचे नाहीत. पण दर महिन्याला असं कोणी आगाऊ भरत नाही, म्हणून वेग मोजताना ते बाजूला काढायचे. ३० अधिक ५ अधिक ५.५, म्हणजे ४०.५ लाख. महिन्याला १३.५ लाख. ५४ भागिले १३.५, बरोबर चार महिने. पैसे जानेवारीअखेर संपतात.

सरकारी देण्यांचे ३ लाख रोकडीतून वजा केले, पण खर्चाच्या वेगात मिळवले नाहीत, हे लक्षात आलं का? जूनअखेरही साधारण तेवढंच देणं बाकी होतं आणि ते या तिमाहीत भरलं गेलं. दोन्ही टोकांना सारखं असेल तर वेगावर परिणाम होत नाही. पण जूनला देणं काहीच बाकी नव्हतं आणि सप्टेंबरला साचलं असेल, तर मात्र तो थकवलेला खर्च आहे आणि वेगात मिळवावा लागतो.

हा चार आणि सहाचा फरक पुढे कसा अंगावर येतो ते मी जवळून पाहिलं आहे. मी काम पाहत होते अशा एका कंपनीने ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये सहा महिने लिहिले आणि डिसेंबरच्या शेवटी तातडीच्या पैशांसाठी फोन फिरवले. गुंतवणूकदाराने एकच विचारलं, ‘मार्चपर्यंत पुरणार होते ना?’ विक्री पडल्याचं त्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं. आपल्याला स्वतःच्या खात्यातलं कळत नाही, हे त्याला दिसलं, आणि त्यानंतर आमच्या कोणत्याच आकड्यावर त्याने विश्वास ठेवला नाही. तो मसुदा माझ्याही हाताखालून गेला होता. तेव्हापासून मी बँक स्टेटमेंट समोर ठेवल्याशिवाय रनवेचा आकडा वाचत नाही.

तपासा: ज्यांनी ‘पैसे घालू’ असं तोंडी सांगितलं आहे त्यांची रक्कम रोकडीत धरलेली नाही ना? ग्राहकांकडून येणं असलेले पैसे धरलेले नाहीत ना? कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला पीएफ थकलेला असेल, तर ती गोष्ट पत्रात लपवण्यासारखी नाही. आधी तो भरा.

## ३. तुटीची फोड करा

‘लक्ष्य ११ लाख, झाले ८.५ लाख’ एवढ्यावरून वाचणाऱ्याला काही कळत नाही. अडीच लाख कुठे गेले?

एमआरआर, म्हणजे दरमहा नियमित येणारं भाडं, तिमाहीच्या सुरुवातीला ९ लाख होतं. नवे ग्राहक २.४ लाखांची भर घालतील असं ठरलं होतं, प्रत्यक्षात १.१ लाखाची पडली. म्हणजे तुटीतले १.३ लाख इथले. ५० हजारांचे ग्राहक सोडून जातील असं धरलं होतं, गेले १.५ लाखाचे. आणखी १ लाख इथले. जुन्या ग्राहकांकडून १० हजार वाढायचे होते, ते १० हजारांनी घटले. हे २० हजार. बेरीज अडीच लाख. जुळली.

ही बेरीज जुळलीच पाहिजे. ती जुळत नसेल तर कुठेतरी व्याख्या बदलली आहे: बहुधा सही झालेला पण सुरू न झालेला ग्राहक धरला आहे, किंवा बिल दिलं पण तीन महिने पैसे न आलेला ग्राहक अजून मोजला जातोय, किंवा जीएसटीसकट रक्कम घेतली आहे. व्याख्या सुधारायची असेल तर जरूर सुधारा, पण त्या तिमाहीत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी द्या. वाईट तिमाहीत गुपचूप बदललेली व्याख्या अनुभवी माणूस पाच मिनिटांत पकडतो, कारण तो मागची पत्रं शेजारी उघडून बसतो.

आणखी एक सवय सोडा: नव्या, गेलेल्या आणि जुन्या ग्राहकांचे आकडे एकत्र करून ‘निव्वळ घट ५० हजार’ असं लिहिणं. ते खरं आहे, पण दीड लाखाची गळती त्यामागे झाकली जाते.

## ४. कारण शोधा, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नका

‘बाजार मंदावला’, ‘ग्राहकांनी निर्णय लांबवले’ ही कारणं पत्रात येतात, कारण ती कोणालाच दुखवत नाहीत. ती खरीही असू शकतात. पण मग आकड्यांत दिसायला हवीत.

नव्या विक्रीचं पाहू. बाजार थंड असता तर डेमो पाहूनही लोक नाही म्हणाले असते. आमच्याकडे काय दिसलं? मागच्या दोन तिमाहींत चार डेमोंमागे एक ग्राहक मिळत होता. या तिमाहीत बारा डेमो झाले आणि तीन ग्राहक आले. प्रमाण तेच. मात्र बारा डेमोंच्या जागी अठ्ठावीस व्हायचे होते. जुलैत विक्रीची एकमेव अनुभवी व्यक्ती सोडून गेली आणि तिची जागा दोन महिने कोणी घेतली नाही. म्हणजे इथे दोष बाजाराचा नाही, आपला आहे. आणि दोष आपला असेल तर तो दुरुस्तही आपल्यालाच करता येतो. पुढे पत्रात जो आत्मविश्वास दाखवायचा आहे, तो इथून येतो.

बारा हा आकडा लहान आहे, हेही पत्रात सांगा. एक ग्राहक कमी आला असता तर प्रमाण सहाला एक झालं असतं. तीन तिमाही ते टिकलं म्हणून त्यावर थोडा भार टाकता येतो, इतकंच.

आता गळती. गेलेल्या दीड लाखातले ९० हजार एकाच गटाचे, त्यांच्या तीन कारखान्यांचे. खरेदी विभागाने कारण कळवलं: ‘महाग वाटतं’. संस्थापकाने तेच पत्रात घातलं होतं. मी म्हटलं, एकदा शॉप फ्लोअरवर जाऊन या.

तिथे दिसलं ते असं. मशीनजवळ खिळ्याला टांगलेली तेलाचे डाग पडलेली वही होती आणि पहिल्या शिफ्टचा सुपरवायझर अजूनही तिच्यातच नोंद करत होता. मोबाइलवर एका बिघाडासाठी अकरा रकाने भरावे लागत, तेही ग्रीस लागलेल्या हातांनी. ते कोणीच भरत नव्हतं. देखभाल विभागाचा मॅनेजर रोज संध्याकाळी वही समोर ठेवून सगळ्या नोंदी स्वतः टाइप करायचा. मे महिन्यात त्याने नोकरी सोडली. सॉफ्टवेअरमधल्या दिवसाला चाळीस नोंदी दुसऱ्याच आठवड्यात सहावर आल्या. ऑर्डर ऑगस्टपर्यंतची होती म्हणून बिलं येत राहिली, आणि आम्हाला वाटलं की सगळं ठीक आहे.

म्हणजे ग्राहक ऑगस्टमध्ये गेला असं कागदावर दिसतं, पण तो मेमध्येच गेला होता. किंमत हे कारण नव्हतं. न वापरल्या जाणाऱ्या गोष्टीची कोणतीही किंमत महागच वाटते.

यातून लगेच एक काम निघतं, आणि ते पत्र पाठवायच्या आधीच करायचं आहे: उरलेल्या चोवीस ग्राहकांना हीच कसोटी लावा. किती ठिकाणी एकच माणूस सगळ्या नोंदी करतो? उत्तर आलं, तीन ठिकाणी, आणि त्यांचं मिळून भाडं ७० हजार. ही रक्कम अजून गेलेली नाही, पण धोक्यात आहे. ती पत्रात सांगायची. पुढच्या तिमाहीत ती गेली आणि तुम्ही आधी सांगितलं नव्हतं, तर दुसऱ्यांदा धक्का बसेल. आधी सांगितली असेल, तर तुम्हाला आपला धंदा कळतो हे दिसेल.

तपासा: तुम्ही लिहिलेलं कारण बरोबर असेल तर आणखी काय दिसायला हवं? ते दिसतंय का? दिसत नसेल तर अजून शोधा. वेळच नसेल तर ‘हे कारण अजून पडताळायचं आहे, ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवतो’ असं सरळ लिहा.

## ५. योजना: कपात, तारीख आणि पुढचा उंबरठा

योजनेत तीन गोष्टी लागतात: काय थांबवणार, काय वाढवणार, आणि ते जमलं नाही तर कधी काय करणार. तिसरी बहुतेक पत्रांत नसते.

आमच्या उदाहरणात राजकोटला विक्रीचा प्रयोग सुरू होता, महिन्याला २ लाख खर्चून. तिथून दोन डेमो आले, ग्राहक एकही नाही. तो बंद. दोन्ही संस्थापकांचा पगार मिळून दीड लाखाने कमी. बाहेरच्या डेव्हलपरचं काम १ लाखाने कमी. एकूण साडेचार लाख. १३.५ उणे ४.५, म्हणजे महिन्याला ९ लाख.

इथे दोन चुका होतात. पहिली: ‘दोन जागा भरणार नाही, म्हणून ३ लाख वाचले’ असं धरणं. त्या जागांचा पगार आजच्या १३.५ लाखांत नव्हताच, मग तो त्यातून वाचेल कसा? दुसरी: कपात आजच लागू झाली असं मानून ५४ भागिले ९, सहा महिने, असं लिहिणं. राजकोटच्या जागेला आणि माणसांना महिन्याची नोटीस द्यायची आहे. ऑक्टोबर जुन्याच वेगाने जाणार. ५४ उणे १३.५, उरले ४०.५ लाख. ते नोव्हेंबरपासून ९ लाखांच्या वेगाने साडेचार महिने पुरतात. म्हणजे मार्चच्या मध्यापर्यंत, आणि हे विक्री आहे तिथेच राहिली तर. नव्या विक्रीचा एक रुपयाही त्यात धरलेला नाही, आणि ते पत्रात स्पष्ट लिहायचं. उलट ते धोक्यातले ७० हजार गेले तर ही तारीखही थोडी मागे येईल, हेही सांगायचं.

वाढवायचं काय? डेमो. विक्रीची जागा दोन महिने रिकामी राहिली म्हणून हे झालं, तर आता एक संस्थापक स्वतः आठवड्यातले तीन दिवस भोसरी-चाकणला जाणार. उत्पादनात एकच काम: अकरा रकान्यांचे तीन करणं, बाकीचं नंतर भरता येईल असं. नवी फीचर तोवर थांबली.

आणि उंबरठा. ३० नोव्हेंबरपर्यंत १६ डेमो व्हायला हवेत आणि एमआरआर ८.५ लाखांच्या खाली जाता कामा नये. यातलं एकही चुकलं तर १ डिसेंबरला दुसरी कपात, ज्याने खर्चाचा वेग महिन्याला ७ लाखांवर येईल. ती कपात आत्ताच आकड्यांत मांडून ठेवा. लोकांना कमी करावं लागलं तर नोटीसचा पगार आणि बाकी देणी त्यात धरा, कारण पहिल्या महिन्यात अशा कपातीने खर्च वाढतो.

इशारा: दुसऱ्या कपातीत कोण जाणार हे पत्रात लिहू नका. रक्कम आणि तारीख पुरे. अशी पत्रं पुढे सरकतात, आणि स्वतःची नोकरी धोक्यात आहे हे तुमच्या माणसाला दुसऱ्या कोणाकडून कळणं योग्य नाही. ग्राहकांची नावंही याच कारणासाठी टाळा.

## ६. आता लिहा

माझी एक पद्धत आहे आणि मी ती सगळ्यांना करायला लावते. पत्र शेवटी इंग्रजीत जाणार असलं तरी पहिल्या पाच ओळी आधी मराठीत लिहा, घरी भावाला किंवा भागीदाराला सांगाल तशा. इंग्रजीत ‘चॅलेंजिंग क्वार्टर’, ‘हेडविंड्स’ असे तयार शब्द हाताशी असतात आणि त्यांच्या आड लपता येतं. मराठीत लिहिताना ‘ग्राहक गेले’ असंच लिहावं लागतं. ते लिहून झालं की भाषांतर सोपं आहे.

विषयाच्या ओळीतच मुख्य आकडे घाला. आमचं पत्र असं सुरू झालं:

> विषय: जुलै–सप्टेंबर: एमआरआर ८.५ लाख (लक्ष्य ११), रोकड जानेवारीअखेर. कपातीनंतर मार्चच्या मध्यापर्यंत
>
> नमस्कार,
>
> ही तिमाही लक्ष्याच्या बरीच खाली गेली. दरमहा भाडं ९ लाखांवरून ११ लाखांवर न्यायचं होतं, ते ८.५ लाखांवर आलं आहे. बँकेत ६२ लाख आहेत, त्यातले ८ लाख देणं आहेत. उरलेले ५४ लाख आजच्या वेगाने जानेवारीअखेरपर्यंत पुरतील. खाली मांडलेली कपात नोव्हेंबरपासून लागू झाली तर मार्चच्या मध्यापर्यंत.
>
> तुटीतला मोठा भाग नव्या विक्रीतला आहे. बारा डेमो झाले, अठ्ठावीस व्हायला हवे होते. विक्रीची जागा आम्ही दोन महिने रिकामी ठेवली, ही माझी चूक. डेमो पाहिलेल्या चारांपैकी एक ग्राहक होतो, हे प्रमाण मात्र सलग तिसऱ्या तिमाहीतही टिकलं आहे. म्हणून नोव्हेंबरअखेरपर्यंत सगळा जोर डेमोंवर.
>
> दुसरा भाग गळतीचा. एका गटाचे तीन कारखाने गेले. तिथे नोंदी एकच माणूस करत होता आणि तो मेमध्ये नोकरी सोडून गेला. नोंदी थांबलेल्या आम्हाला दिसायला हव्या होत्या, आम्ही पाहिल्या नाहीत. आता दर सोमवारी पाहतो. आणखी तीन ग्राहक, ७० हजार भाड्याचे, याच अवस्थेत आहेत. तिघांच्या कारखान्यात या महिन्यात जाऊन येत आहोत.

यानंतर फोडीचा छोटा तक्ता, मग योजना आणि उंबरठा, मग मागणी. चांगल्या बातम्या शेवटच्या एका परिच्छेदात. सगळं मिळून छापलं तर दीड पान. हिशेबाची पत्रकं वेगळी जोडा.

‘ही माझी चूक’ हे शब्द एकदाच आले आहेत, आणि नेमक्या गोष्टीबद्दल. चार वेळा माफी मागितली तर वाचणाऱ्याला तुमची समजूत घालत बसावं लागतं आणि कामाचं बोलणं राहून जातं. आत्मविश्वासाचंही तसंच. ‘आम्हाला खात्री आहे’ असं वाक्य वरच्या पत्रात कुठेच नाही. चाराला एक हे प्रमाण आहे, आणि त्यावर बेतलेलं काम आहे. वाचणारा ते तपासू शकतो.

तपासा: मसुद्यातली विशेषणं खोडून पाहा. अर्थ तसाच राहिला तर ती गेलेलीच बरी. मग बाहेरच्या एका माणसाला फक्त पहिला परिच्छेद वाचायला द्या आणि विचारा: पैसे कधी संपतात? उत्तर चुकलं तर परिच्छेद पुन्हा लिहा.

## ७. मागणी नेमकी करा

‘कोणाची ओळख असेल तर कळवा’ याला कोणी उत्तर देत नाही, कारण काय करायचं ते कळत नाही. आम्ही लिहिलं: ‘चाकण, रांजणगाव किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज भागात पन्नास ते दोनशे कामगारांच्या कारखान्याचे मालक किंवा देखभाल प्रमुख तुमच्या ओळखीचे असतील, तर एक ओळख करून द्या. पुढे पाठवता येईल असा चार ओळींचा मजकूर खाली आहे.’ तो मजकूर खरोखर खाली द्या.

पैशांची मागणी या पत्रात करू नका. ‘या भावाने शेअर देतोय, कोणाला हवेत?’ असं सामूहिक मेलमध्ये तर मुळीच नको. खासगी कंपनीने शेअर कोणाला, कसे देऊ करायचे याची कंपनी कायद्यात ठरलेली रीत आहे. प्रायव्हेट प्लेसमेंटमध्ये, म्हणजे निवडक लोकांना शेअर देताना, ऑफर आधी ठरवलेल्या व्यक्तींनाच, नावानिशी जावी लागते, आणि सध्याच्या भागधारकांना हक्काने शेअर देण्याचा मार्ग वेगळा आहे. कंपनी सेक्रेटरीला विचारून मगच पाऊल टाका. पत्रात इतकंच पुरे: ‘डिसेंबरमधल्या स्थितीवरून पैसे उभारायचे का हे ठरवू आणि तेव्हा स्वतंत्रपणे बोलू.’

## ८. पाठवण्याआधी एक फोन

मुख्य गुंतवणूकदाराला आणि संचालक मंडळावर कोणी असेल तर त्यांना पत्राच्या एक-दोन दिवस आधी फोन करा. पंधरा मिनिटं, तेच आकडे, त्याच क्रमाने. मोठ्या गुंतवणूकदाराला अशी बातमी सगळ्यांसोबत मेलमधून कळली तर तो दुखावतो, आणि पुढे लागणारी संमती मागणं अवघड होतं.

फोनवर त्याने ‘हे इतकं स्पष्ट लिहू नका’ असं सुचवलं तर? शब्द बदला, आकडे बदलू नका. अकराही जणांना एकच पत्र, एकाच वेळी. एकाला चार महिने आणि दुसऱ्याला सहा महिने सांगितलेलं कधी ना कधी त्यांच्या आपापसातल्या बोलण्यात उघड होतंच.

## ९. पाठवल्यानंतर

सकाळी दहा-अकराच्या सुमाराला पाठवा आणि तो दिवस मोकळा ठेवा. पहिल्या दोन तासांत आलेल्या प्रश्नांना त्याच दिवशी उत्तर द्या. आकडा हाताशी नसेल तर अंदाज न सांगता ‘शुक्रवारपर्यंत देतो’ म्हणा आणि शुक्रवारी द्या. एकच प्रश्न तिघांनी विचारला तर पत्रात काहीतरी राहिलं आहे. त्याचं उत्तर सगळ्यांना एकदम पाठवा.

कर्मचाऱ्यांना त्याच दिवशी बसवून हेच सांगा. पगार कधीपर्यंत सुरक्षित आहेत हे त्यांना तुमच्या तोंडून कळायला हवं.

मग कॅलेंडरमध्ये तीन नोंदी करा. ३१ ऑक्टोबर: तीन धोक्यातल्या ग्राहकांच्या भेटी झाल्या का. ३० नोव्हेंबर: डेमो किती, एमआरआर किती. १ डिसेंबर: गुंतवणूकदारांना चार ओळींची मेल, उंबरठा गाठला की चुकला. ही मेल तिमाही संपायची वाट न पाहता जायला हवी. आमच्या उदाहरणातल्या कंपनीचं जानेवारीचं पत्र याच वाक्याने सुरू होईल: ‘ऑक्टोबरमध्ये आम्ही नोव्हेंबरअखेर १६ डेमो आणि ८.५ लाखांच्या खाली न जाणं, असं दोन गोष्टींचं लिहून दिलं होतं. त्यांचं काय झालं ते आधी सांगतो.’